‘तेल्या’ इंग्रजीत कसा सापडतो?

सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते २००५ मध्ये सुरू केलं. डाळिंबाच्या रोगांवर तिथे आणि देशातल्या कृषी विद्यापीठांत जे काम होतं, ते बहुतेक इंग्रजी शोधनिबंधांत आणि अहवालांत जातं. सांगोल्याच्या किंवा आटपाडीच्या बागायतदाराला पडलेला प्रश्न मात्र मराठीत असतो. मोबाइलवर तो लिहितो: ‘डाळिंबावरील तेल्या रोगावर उपाय’.

डाळिंब लावणाऱ्या कुणालाही तेल्या म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे पानांवर आणि फळांवर तेलकट, पाणी भरल्यासारखे डाग पडतात, पुढे ते काळपट होतात आणि फळ तडकतं. इंग्रजी निबंधांत याच रोगाचं नाव ‘बॅक्टेरियल ब्लाइट’ असं येतं. म्हणजे उत्तर आहे, ते लिहूनही ठेवलेलं आहे, पण प्रश्नात आणि उत्तरात एकही अक्षर सामाईक नाही. प्रश्न एका भाषेत आणि कागद दुसऱ्या भाषेत असताना योग्य कागद वर आणायचा, या कामाला आंतरभाषिक शोध म्हणतात. जेरार्ड सॉल्टन यांनी इंग्रजी आणि जर्मनवर याचे पहिले प्रयोग करून १९७० मध्ये ते प्रसिद्ध केले. मराठीसाठी हे काम कसं चालतं आणि कुठे अडतं, हे या चार शब्दांच्या प्रश्नावरून नीट दिसतं.

साधं शोधयंत्र आतून पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीसारखं असतं. प्रत्येक शब्दासमोर तो कुठल्या कागदांत आला आहे त्यांची यादी असते. तुम्ही शब्द दिला की ती यादी उघडते. दुर्मीळ शब्दाला जास्त वजन मिळतं, सगळीकडे येणाऱ्या शब्दाला कमी, आणि त्या वजनांच्या बेरजेवरून कागदांचा क्रम लागतो. इंग्रजी कागदांच्या सूचीत ‘तेल्या’ नावाची नोंदच नसते, त्यामुळे उघडायला यादीच नाही. इथून दोन वाटा निघतात. एक तर प्रश्न आणि कागद एका भाषेत आणायचे. नाही तर शब्दांची सूची बाजूला ठेवून अर्थाचीच काही तरी मोजणी करायची.

पहिल्या वाटेवर मराठी फार लवकर चालली. २००७ मध्ये युरोपातल्या ‘क्लेफ’ या शोधयंत्र-चाचणीत आयआयटी मुंबईच्या गटाने हिंदी आणि मराठी प्रश्नांवरून इंग्रजी बातम्या शोधण्याचा प्रयोग मांडला. बातम्या होत्या ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या २००२ सालच्या, एकूण १,३५,१५३, आणि प्रश्न पन्नास. तेव्हा आजच्यासारखी यंत्रभाषांतरं हाताशी नव्हती. त्यांनी जे केलं ते पायरीपायरीने समजून घेण्यासारखं आहे, कारण आजची मोठी यंत्रं आत कुठे घसरतात ते या जुन्या पद्धतीत उघडं दिसतं.

पहिली पायरी शब्द सोलण्याची. ‘डाळिंबावरील’ हा शब्द कुठल्याच शब्दकोशात नसतो. त्यातून ‘वरील’ काढायचं, मागे राहिलेल्या ‘डाळिंबा’ या सामान्यरूपाचं मूळ ‘डाळिंब’ शोधायचं. ‘रोगावर’चं ‘रोग’. मराठीत हे काम हिंदीपेक्षा जड आहे, कारण हिंदी आपले ‘पर’ आणि ‘में’ सुटे लिहिते, आपण ते शब्दाला जोडतो आणि जोडताना शब्दाचं अंगही बदलतो. ‘पाणी’चं ‘पाण्या’ होतं आणि ‘कीड’चं ‘किडी’. सोलणं चुकलं तर पुढचं सगळं वाया.

दुसरी पायरी मराठी-इंग्रजी शब्दकोशात बघण्याची. त्या गटाकडचा मराठी शब्दकोश सुमारे सहा हजार नोंदींचा होता, हिंदीचा लाखाच्या वर. तिसरी पायरी शब्दकोशात न सापडलेल्या शब्दांची. असे शब्द बहुतेक विशेषनामं असतात, म्हणून त्यांचा उच्चार रोमन लिपीत उतरवायचा आणि इंग्रजी सूचीतल्या कुठल्या शब्दाशी तो सर्वांत जवळ जातो ते अक्षरांच्या फरकावरून बघायचं. चौथी पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शब्दकोश एका शब्दाला चार अर्थ देतो, त्यातला या प्रश्नात कुठला घ्यायचा?

इथे ‘तेल्या’ क्षणभर बाजूला ठेवून ‘करपा’ घेऊ. भातावरचा करपा म्हणजे इंग्रजीत ‘ब्लास्ट’. द्राक्षावरचा करपा म्हणजे ‘अँथ्रॅक्नोज’. कांद्यावरच्या जांभळ्या करप्याला ‘पर्पल ब्लॉच’ म्हणतात. रोग वेगळे, त्यांना कारण होणाऱ्या बुरश्या वेगळ्या, फवारण्याही वेगळ्या. नुसता ‘करपा’ हातात घेऊन यातलं एक नाव निवडणं अशक्य आहे. पण प्रश्नात शेजारी ‘द्राक्ष’ असेल तर? इंग्रजी कागदांच्या ढिगात ‘ग्रेप’ आणि ‘अँथ्रॅक्नोज’ हे शब्द एकाच कागदात किती वेळा आले आहेत ते मोजता येतं. ‘ग्रेप’ आणि ‘ब्लास्ट’ किती वेळा, तेही. ज्या जोडीची सोबत जास्त, तिला वजन जास्त. आयआयटीच्या पद्धतीत प्रश्नातल्या सगळ्या शब्दांचे सगळे संभाव्य अर्थ असे एकमेकांना वजन देत राहतात, काही फेऱ्यांनंतर आकडे स्थिरावतात आणि एकमेकांना धरून असलेले अर्थ वर येतात. प्रश्न चार शब्दांचाच असला तरी त्याचा संदर्भ कागदांच्या ढिगातून उसना मिळतो.

या प्रयोगाचा निकाल ‘मीन ॲव्हरेज प्रिसिजन’ या मापात दिला जातो. माप सोपं आहे. समजा एका प्रश्नाला उपयोगी असे दोनच कागद आहेत आणि यंत्राने ते पहिल्या आणि चौथ्या क्रमांकावर दिले. पहिल्यापर्यंत एकातला एक बरोबर, म्हणजे १. चौथ्यापर्यंत चारातले दोन, म्हणजे ०.५. सरासरी ०.७५. अशी सगळ्या प्रश्नांची सरासरी काढायची. मराठी प्रश्नांच्या फक्त शीर्षकांवरून शोधलं तेव्हा हा आकडा ०.२१६३ आला. नुसता आकडा काही सांगत नाही. तेच प्रश्न मुळात इंग्रजीत विचारले असते तर यंत्राने जे दिलं असतं, त्याच्याशी तो ताडून बघायचा असतो. ते प्रमाण मराठीसाठी सुमारे ५६ टक्के होतं, हिंदीसाठी ६१. म्हणजे सहा हजार नोंदींच्या कोशावर मराठी माणसाला इंग्रजी जाणणाऱ्याच्या निम्म्याहून थोडं जास्त मिळालं. त्या काळाच्या मानाने हे काम उत्तम होतं असं मी म्हणेन. मराठी माणसाला इंग्रजी जाणणाऱ्याच्या तुलनेत किती मिळतं, हे त्या टक्केवारीने सरळ सांगितलं.

आज शब्दकोशाच्या जागी यंत्रभाषांतर आहे. आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारत गटाने २०२३ मध्ये खुलं केलेलं ‘इंडिकट्रान्स २’ बावीस भारतीय भाषा हाताळतं, त्यात मराठी आहे. मग एक प्रश्न उरतो: भाषांतर कशाचं करायचं? मराठी प्रश्नाचं इंग्रजी करायचं, की सगळे इंग्रजी कागद आधीच मराठीत करून ठेवायचे?

प्रश्नाचं भाषांतर स्वस्त पडतं. चार-पाच शब्द क्षणात होतात आणि इंग्रजी सूची आहे तशी वापरता येते. पण भाषांतरयंत्रं पूर्ण वाक्यांवर शिकलेली असतात आणि शोधणारा माणूस वाक्य लिहितच नाही. ‘करपा फवारणी’ एवढंच लिहितो. संदर्भ नसला की यंत्र अंदाज करतं आणि एकच उत्तर देतं. जुना शब्दकोश निदान चारही अर्थ समोर ठेवत होता. कागदाचं भाषांतर याच्या उलट. तिथे सबंध परिच्छेद असतो, त्यामुळे अर्थ बरा लागतो, आणि काम एकदाच करायचं असतं. पण कागद लाखांत असतील तर खर्च मोठा, नवे कागद आले की पुन्हा काम, आणि भाषांतरयंत्र सुधारलं की सगळं पुन्हा. १९९९ मध्ये मॅकार्ली यांनी इंग्रजी आणि फ्रेंचवर हे दोन्ही करून पाहिलं. दोन्हींचे गुण एकत्र केले तर निकाल एकेकट्यापेक्षा चांगला येतो असं त्यांना दिसलं. ज्याच्याकडे काही हजार कागदच आहेत, त्या संस्थेने ते मराठीत करून ठेवावेत असं माझं मत आहे. शोधासाठी ते उपयोगी पडतातच, शिवाय सापडलेलं वाचकाला वाचताही येतं.

आता आपला प्रश्न या वाटेने पाठवू. ‘डाळिंब’ आणि ‘रोग’ यांची भाषांतरं बहुधा बरोबर होतील. ‘तेल्या’ मात्र त्या रोगाच्या डागांवरून शेतकऱ्यांनी ठेवलेलं नाव आहे, आणि भाषांतरयंत्र त्यातलं तेल तेवढं ओळखू शकतं. ‘पोमेग्रॅनेटवरचा तेलकट रोग’ अशा अर्थाचं एक नीटनेटकं इंग्रजी वाक्य तयार होतं. त्या वाक्यात व्याकरणाची चूक शोधूनही सापडणार नाही. फक्त शास्त्रज्ञ तसं लिहीत नाहीत, म्हणून ज्या निबंधांत ‘बॅक्टेरियल ब्लाइट’ आहे ते खाली राहतात आणि ज्यांत ‘पोमेग्रॅनेट’ आणि ‘डिसीज’ वारंवार येतं असे सर्वसाधारण लेख वर येतात. ‘केवडा’चं तर आणखी वाईट होतं. द्राक्ष बागायतदाराला केवडा म्हणजे ‘डाऊनी मिल्ड्यू’, पण शब्दकोशाला तो सुवासिक कणसाचा केवडा वाटतो. ‘मावा’ म्हणजे पिकावरची कीड, पण भाषांतर मिठाईकडे जाऊ शकतं.

इथे जुन्या तिसऱ्या पायरीचा एक अनपेक्षित उपयोग होतो. भारतातले काही शास्त्रज्ञ इंग्रजी लेखातही स्थानिक नाव म्हणून ‘तेल्या’ हाच शब्द रोमन लिपीत देतात. म्हणून अनोळखी शब्दाचं भाषांतर करतानाच त्याचा उच्चारही रोमनमध्ये उतरवून शोधात टाकावा. परदेशी निबंध याने सापडणार नाहीत, पण महाराष्ट्रातले सापडू शकतील, आणि त्या निबंधांतून ‘बॅक्टेरियल ब्लाइट’ हा शब्द हाती लागेल. लिपीचा दुसरा मुद्दा याच्या उलट दिशेचा आहे. पुष्कळ लोक मराठी प्रश्नच रोमन अक्षरांत टाइप करतात: `dalimb telya rog upay`. असा प्रश्न थेट भाषांतराला दिला तर यंत्राला तो कुठल्या भाषेचा आहे हेच नीट कळत नाही. आधी तो देवनागरीत आणावा लागतो.

दुसरी वाट एम्बेडिंगची. यात शब्दांची यादी नसते. प्रश्न किंवा परिच्छेद आत दिला की यंत्र त्याच्या बदल्यात ठरावीक लांबीची आकड्यांची ओळ देतं, ७६८ आकड्यांची किंवा १०२४ची. दोन मजकुरांचा अर्थ जवळचा असेल तर त्यांच्या ओळीही एकमेकींच्या जवळ याव्यात, असं त्या यंत्राला शिकवलेलं असतं. शोध म्हणजे मग प्रश्नाच्या ओळीशी कुठल्या परिच्छेदांच्या ओळी सर्वांत जास्त जुळतात ते मोजणं. बहुभाषिक एम्बेडिंगमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्हींच्या ओळी एकाच मापाने मोजता येतात, म्हणून मधे भाषांतर लागत नाही.

हे शिकवतात कसं, ते कळलं की त्याच्या मर्यादाही कळतात. गूगलचं ‘लाबसे’ हे २०२० सालचं यंत्र १०९ भाषांचं आहे, मराठीसह. त्याला एकमेकांची भाषांतरं असलेल्या वाक्यांच्या जोड्या दाखवल्या. मराठी वाक्याची ओळ तिच्या इंग्रजी जोडीदाराच्या जवळ आणायची आणि त्याच वेळी समोर असलेल्या बाकीच्या इंग्रजी वाक्यांपासून दूर ढकलायची. त्यामुळे हे यंत्र भाषांतराची जोडी ओळखण्यात पटाईत झालं. पण प्रश्न आणि उत्तर ही एकमेकांची भाषांतरं नसतात. ‘तेल्या रोगावर उपाय’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे छाटणी कधी करावी, रोगट फांद्या आणि फळं गोळा करून कशी नष्ट करावी, फवारणी कोणत्या क्रमाने करावी, याबद्दलचा दीड पानांचा मजकूर. म्हणून नंतरची यंत्रं, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचं ‘मल्टिलिंग्वल ई-५’, प्रश्न आणि उत्तराचा परिच्छेद अशा जोड्यांवरही शिकवली गेली. या यंत्राला काय प्रश्न आहे आणि काय परिच्छेद आहे, हे प्रत्येक मजकुराआधी लिहून सांगावं लागतं:

```
query: डाळिंबावरील तेल्या रोगावर उपाय
passage: Management of bacterial blight in pomegranate
```

हे पुढचे दोन शब्द विसरले तरी यंत्र चालतं, चूक दाखवत नाही, फक्त निकाल खालावतात. असे दोष नेमके लक्षात येत नाहीत. दुसरा तसाच दोष लांबीचा. हे यंत्र एका वेळी ५१२ तुकड्यांपर्यंतचाच मजकूर वाचतं, त्यापुढचा गुपचूप सोडून देतं. वीस पानांचा अहवाल एकदम आत टाकला तर त्याची फक्त प्रस्तावना मोजली जाते. म्हणून अहवाल आधी परिच्छेदापरिच्छेदांत तोडायचा आणि प्रत्येक तुकड्याला पिकाचं नाव असलेलं शीर्षक जोडायचं. नाही तर ‘दहा दिवसांनी दुसरी फवारणी करावी’ असं म्हणणारा तुकडा डाळिंबाचा की टोमॅटोचा, हे कुणालाच कळणार नाही. चीनच्या बीजिंग अकादमीने २०२४ मध्ये आणलेलं ‘बीजीई-एम-३’ ८,१९२ तुकडे घेतं, पण तिथेही मी तोडूनच देईन. लांब मजकुराची एकच ओळ केली की त्यातली बारीक गोष्ट त्या ओळीत पुसट होते.

तुकडे म्हणजे काय, तेही बघू. ही यंत्रं शब्द आहे तसा घेत नाहीत. वारंवार येणारे अक्षरसमूह त्यांच्याकडे ठरलेले असतात आणि अनोळखी शब्द त्या समूहांत तोडला जातो. शिकताना पाहिलेल्या मजकुरात इंग्रजी खूप आणि मराठी त्या मानाने थोडी, म्हणून मराठी शब्द इंग्रजीपेक्षा जास्त तुकड्यांत फुटतात. ‘रोग’ बहुधा अखंड राहतो. ‘तेल्या’ फुटतो, आणि त्याचा पहिला तुकडा ‘तेल’ निघाला की अर्थही तिकडेच ओढला जातो. तुकड्यांच्या सोबतीतून यंत्राला रोगाचा अर्थ लागायला त्याने शिकताना ‘तेल्या’ डाळिंबाच्या संदर्भात पुष्कळदा पाहिलेला असायला हवा. शेतीतली किंवा धंद्यातली बोली जालावरच्या मराठी मजकुरात कमीच असते.

एम्बेडिंगचं बळ वेगळीकडे आहे. प्रश्नकर्त्याने ‘फळावर काळे डाग पडून फळ फुटतंय’ असं लिहिलं, रोगाचं नाव घेतलंच नाही, तरी लक्षणांचं वर्णन करणारा इंग्रजी परिच्छेद ते वर आणू शकतं. शब्दसूचीला हे सहसा जमत नाही. विभक्ती सोलायची कटकटही इथे नाही. पण नाव, आकडा आणि नकार या तीन बाबतींत ते ढिलं आहे. तेल्या होणारी जात आणि तेल्याला दाद न देणारी जात यांची वाक्यं त्याला जवळजवळ सारखीच वाटतात. औषधाचं प्रमाण दोन ग्रॅम की वीस ग्रॅम, यानेही ओळीत फारसा फरक पडत नाही. आणि ढिगात मराठी-इंग्रजी दोन्ही कागद असतील तर मराठी प्रश्नाला मराठी कागद जवळचे वाटण्याची खोड या यंत्रांत दिसते. चांगला इंग्रजी निबंध मागे राहतो आणि बेताचा मराठी लेख पुढे येतो. यावर साधा इलाज म्हणजे दोन भाषांचे निकाल वेगवेगळे काढून शेजारी शेजारी दाखवणं.

दोन वाटांचे दोष वेगळे, मग दोन्ही वापरून याद्या एकत्र का करू नयेत? तसंच करतात. २००९ मध्ये कॉर्मॅक, क्लार्क आणि ब्यूटचर यांनी सुचवलेली रीत फार वापरात आहे. प्रत्येक यादीत कागदाचा जो क्रमांक असेल त्यात ६० मिळवायचे, १ला त्या बेरजेने भागायचं, आणि सगळ्या याद्यांतले हे भागाकार जोडायचे. गुणांची मापं वेगळी असली तरी क्रमांक सगळीकडे क्रमांकच असतात, म्हणून हे जमतं.

पण आपल्या प्रश्नावर ही रीत चालवून बघा. समजा आपण तीन याद्या काढल्या: एक यंत्रभाषांतराची, एक एम्बेडिंगची आणि एक हाताने केलेल्या शेतीकोशाची, ज्यात ‘तेल्या’समोर बरोबर नाव आहे. तेल्यावरचा नेमका निबंध कोशाच्या यादीत पहिला आहे, बाकी दोन याद्यांत नाहीच. त्याचे गुण १ भागिले ६१, म्हणजे ०.०१६४. डाळिंबाच्या मर रोगावरचा एक लेख एम्बेडिंगच्या यादीत पाचवा आहे आणि भाषांतराच्या यादीत आठवा. त्याचे गुण १ भागिले ६५ अधिक १ भागिले ६८, म्हणजे ०.०३०१. मर रोगाचा लेख तेल्याच्या निबंधावर सरळ मात करतो. भाषांतर आणि एम्बेडिंग दोघंही एकाच शब्दावर, एकाच कारणाने चुकले, आणि दोघांच्या चुका मिळून बहुमत झालं. मर हा बुरशीमुळे येणारा रोग, तेल्या जिवाणूमुळे. एकाचा इलाज दुसऱ्यावर चालत नाही. आणि वाचणाऱ्याला वरवर सगळं ठीक दिसतं: लेख डाळिंबाचा आहे, रोगाचा आहे, उपायही दिले आहेत.

म्हणून कोशाला तिसरी यादी म्हणून मागे बसवून चालत नाही. तो सगळ्यांच्या आधी यायला हवा. प्रश्न आला की प्रथम कोशात बघायचं, ‘डाळिंब’ आणि ‘तेल्या’ ही जोडी सापडली की इंग्रजी नावं मूळ प्रश्नाला जोडायची, आणि हा वाढवलेला प्रश्न दोन्ही वाटांनी पाठवायचा:

```
query: डाळिंबावरील तेल्या रोगावर उपाय pomegranate bacterial blight oily spot
```

बहुभाषिक यंत्राला असा मिश्र मजकूर चालतो. आता दोन्ही याद्यांत नेमका निबंध वर सरकतो आणि एकत्र करण्याची रीत आपलं काम नीट करते. शेवटी वरचे पन्नास परिच्छेद आणखी एका यंत्राकडे द्यायचे, जे प्रश्न आणि परिच्छेद एकत्र वाचून पुन्हा क्रम लावतं. ते संथ असतं म्हणून पन्नासांवरच चालवायचं. पण त्यालाही तो वाढवलेलाच प्रश्न द्यायचा.

या कोशात प्रत्येक नोंदीला पिकाचा रकाना हवाच, ‘करपा’मुळे ते उघड आहे. हा कोश भरायला सरकारी परिभाषा पुरत नाही. भाषा संचालनालयाच्या कोशांत शास्त्रीय संज्ञांना घडवलेले मराठी प्रतिशब्द मिळतात. ते अभ्यासकांच्या उपयोगाचे आहेत, पण बागेत उभा राहून प्रश्न टाइप करणारा माणूस ‘जिवाणूजन्य करपा’ असं लिहीत नाही. कृषी विद्यापीठांच्या मराठी पुस्तिकांत आणि कृषी विज्ञान केंद्रांच्या सल्ल्यांत मात्र शेतकऱ्याचं नाव आणि इंग्रजी नाव एकमेकांशेजारी येतात: भुरी आणि ‘पावडरी मिल्ड्यू’, फुलकिडे आणि ‘थ्रिप्स’, पिठ्या ढेकूण आणि ‘मिलीबग’. एका पिकाच्या अशा पन्नास-साठ नावांची यादी जाणकार माणूस थोडक्या बैठकांत करू शकतो. तेवढ्या यादीने जो फरक पडेल, तो आणखी मोठं यंत्र आणून पडेल असं मला वाटत नाही.

फरक पडला की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. लोकांनी खरोखर टाइप केलेले पन्नास प्रश्न घ्यायचे, जसेच्या तसे, शुद्धलेखनाच्या चुकांसह. विषय जाणणाऱ्या माणसाकडून त्याच प्रश्नांचं इंग्रजी रूप लिहून घ्यायचं. सगळ्या पद्धतींचे वरचे दहा-दहा निकाल एकत्र मिसळायचे, कुठला कुठल्या पद्धतीचा ते झाकायचं, आणि त्या जाणकाराने प्रत्येकावर उपयोगी की निरुपयोगी अशी खूण करायची. मग मराठी प्रश्नाचे गुण इंग्रजी प्रश्नाच्या गुणांशी ताडायचे, २००७ च्या प्रयोगात केलं तसं.

सरासरीवर थांबू नये. एकेक प्रश्न उघडावा. मराठीत नापास आणि इंग्रजीत पास झालेला प्रश्न असेल तर दोष भाषेच्या पुलात आहे. तिथे भाषांतरित प्रश्न डोळ्यांनी वाचला की कुठला शब्द घसरला ते लगेच दिसतं आणि कोशात एक नोंद वाढते. मराठीत आणि इंग्रजीतही नापास झाला तर भाषेला दोष देऊन उपयोग नाही. अशा वेळी बहुतेकदा ढिगातच काही तरी बिघडलेलं असतं. अहवालाची पानं नुसती छायाचित्रं म्हणून स्कॅन केलेली असतात आणि त्यांत शोधण्यासारखा मजकूरच नसतो, किंवा दोन स्तंभांचं पान यंत्राने आडवं वाचून वाक्यांचा काला केलेला असतो. भाषांतराने पास आणि एम्बेडिंगने नापास, असा निकाल आला तर प्रश्नात बहुधा विशेषनाम किंवा औषधाचं नाव असतं.

कोशात नवी नोंद घातली की फक्त नापास प्रश्न पुन्हा चालवून समाधान मानण्याचा मोह होतो. पण सगळे पन्नास पुन्हा चालवावेत. ‘करपा’समोर घाईत पीक न लिहिता ‘अँथ्रॅक्नोज’ टाकलं, तर द्राक्षाचा प्रश्न सुटतो आणि काल नीट चालणारा भाताचा प्रश्न आज द्राक्षबागेत जाऊन पोचतो.